मिरचीचं पान कोणत्या बाजूला वळलंय?

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. या पट्ट्यातले बरेच शेतकरी मिरची लावतात ती एप्रिलच्या आसपास, म्हणजे ऐन उन्हात. पावसाळा तोंडावर आला की तोडे सुरू व्हावेत, हा त्यामागचा हिशेब. हिशेब फायद्याचा असला तरी त्यात एक मेख आहे. हे रोप मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या उन्हात वाढतं, जूनमध्ये ढगाळ हवेत येतं आणि जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत फळं देतं. त्यामुळे पान आकसण्याची, वळण्याची, चुरगळण्याची जेवढी म्हणून कारणं मिरचीला आहेत, ती एकाच हंगामात एकामागून एक त्याच वावरात हजेरी लावून जातात.

शेतकरी या सगळ्याला मिळून कोकडा म्हणतात, कुठे बोकड्या तर कुठे चुरडामुरडा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक वाकडा शेंडा येतो आणि सोबत एक वाक्य येतं, "भाऊ, कोकडा आलाय, काहीतरी भारी द्या." दुकानदार दोन-तीन बाटल्या समोर ठेवतो. त्यात एक कीटकनाशक असतं, एक टॉनिक असतं आणि बऱ्याचदा एक बुरशीनाशकही असतं. शेंडा मात्र कोणी उलटून पाहत नाही. मिरचीवर होणाऱ्या वायफळ खर्चाचं मूळ मला तरी तिथेच दिसतं, कारण ऊन, फुलकिडे, कोळी आणि विषाणू या चौघांवर लागू पडेल असं एक औषध नाही. शिवाय एकावर मारलेलं औषध दुसऱ्याला वाढवतं, असंही घडतं.

म्हणून एक एकराचं वावर डोळ्यांसमोर ठेवू. एप्रिलमध्ये लागवड झालेली आहे, गादीवाफ्यावर चंदेरी मल्चिंग पेपर अंथरला आहे, ठिबकच्या नळ्या आहेत. त्याच्या सोबतीने ऑगस्टपर्यंत चालत जाऊ.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. रोपं वीतभर झालीत. दुपारी दोन वाजता वावरात गेलं तर सगळ्या झाडांची पानं दोन्ही कडांनी वर वळलेली दिसतात. पाहणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. पण एवढ्यात पंप भरायचा नाही. तेच झाड सकाळी सात वाजता पुन्हा पाहायचं. रात्रीतून पानं सरळ झाली असतील, रंग नेहमीचा असेल, खालची बाजू स्वच्छ असेल आणि कोवळी-जून सगळीच पानं सारखी वळत असतील, तर कारण ऊन आहे. मुळांकडून जेवढं पाणी येतं त्याहून जास्त पानांतून उडू लागलं की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं आणि पातं वर दुमडतं. उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग कमी होतो, पाणी वाचतं. ही झाडाची स्वतःची तजवीज आहे, रोग नव्हे.

उन्हाचा कोकडा एकाच झाडावर किंवा एकाच शेंड्यावर कधी दिसत नाही. तो वावरभर पसरलेला असतो, फार तर बांधाकडच्या हलक्या जमिनीत थोडा अधिक. असं दिसलं की औषधाऐवजी वाफ्यात हात घालायचा. मल्चिंगच्या छिद्रातून बोटभर खोल माती उकरून मुठीत दाबली आणि तिचा गोळा झालाच नाही, तर ठिबक अपुरं पडतंय. एकाच वेळी दोन-तीन तास पाणी सोडण्यापेक्षा तेच पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून दिलेलं मेमध्ये मानवतं. उलट माती चिखलासारखी लागली आणि तरीही पानं मलूल असतील, तर मुळांना हवा मिळत नाहीये आणि आणखी पाणी सोडणं म्हणजे झाड मारणं. ही चूक फार होते, कारण पाणी कमी पडलं काय आणि जास्त झालं काय, पान वरून जवळपास सारखंच दिसतं.

उन्हाची आणखी एक खूण फुलांवर दिसते. पारा पस्तिशीच्या वर सतत राहिला की मिरचीचे परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं देठासकट गळतात. ती फवारणीने थांबत नाहीत. टॉनिकची बाटली विकली जाते ती नेमकी याच दिवसांत, आणि पाऊस पडून हवा निवली की फळधारणा आपसूक सुरू होते. श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

आता मेचा शेवट. पुन्हा पानं वर वळलेली आहेत, पण या वेळी सकाळीही ती सरळ होत नाहीत. वळण फक्त शेंड्याकडच्या कोवळ्या पानांत आहे, खालची जुनी पानं ठीक आहेत. पातं दोन्ही कडांनी वर उचललं जाऊन होडीसारखं झालंय. पान उलटलं की मधल्या शिरेच्या आजूबाजूला चंदेरी चकाकी दिसते, काही ठिकाणी ती तपकिरी होत चालली आहे, आणि मधूनमधून काळे बारीक ठिपके आहेत. हे फुलकिड्यांचं काम.

मिरचीवरचा आपला जुना फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, फिकट पिवळसर, काडीसारखा बारीक असतो. त्याच्या तोंडाची रचना विचित्र आहे. दोन जबड्यांपैकी फक्त डावाच वाढलेला असतो. त्याने तो पानाच्या पेशीला भोक पाडतो आणि आतला रस ओढून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशीत हवा शिरते, म्हणून ती जागा चंदेरी दिसते. काळे ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. कोवळ्या पानातल्या पेशी अजून वाढायच्या असतात, त्यातल्या काही मेल्या आणि काही वाढत राहिल्या की पातं ओढलं जाऊन वाकडं होतं.

तो डोळ्याला दिसतो, पण पाहायची पद्धत हवी. सकाळच्या वेळी शेंड्याखाली काळा पुठ्ठा धरायचा आणि शेंड्यावर बोटाने दोन-तीन टिचक्या मारायच्या. फिकट रंगाचे बारीक कण पडतील. त्यातले जे पळू लागतील ते फुलकिडे. वावरात नागमोडी चालत पंचवीसेक झाडांवर हे केलं की कीड कोणत्या कडेने शिरली आणि किती आत आली, हे कळतं. वीस मिनिटांचं काम आहे. पुठ्ठा फुकट मिळतो, तरीही तो कुणाच्या हातात दिसत नाही.

फुलकिड्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी ठाऊक असल्या की फवारणी फसते का, हे उमगतं. मादी अंडी पानाच्या आत घालते, त्यामुळे वरून पडलेलं औषध तिथवर पोचत नाही. आणि पिल्लं मोठी झाली की कोषावस्थेसाठी बहुतेक जमिनीत, पालापाचोळ्यात उतरतात, तिथेही औषध जात नाही. म्हणजे आज फवारलं तेव्हा पानावर हिंडणारे तेवढे मरतात. अंड्यातले आणि मातीतले आठवडाभरात वर येतात आणि शेतकरी म्हणतो, औषध बनावट निघालं. खरं तर एका फवारणीनंतर सात-आठ दिवसांनी पुन्हा पुठ्ठा धरायचा आणि गरज दिसली तर दुसरी फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाने करायची असते. तेच ते औषध लागोपाठ मारलं तर त्याला न जुमानणारे किडेच तेवढे उरतात, आणि फुलकिड्यांची पिढी उष्ण हवेत दोन-तीन आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे हे उरणं फार लवकर होतं.

चंदेरी मल्चिंगचा उपयोग इथेच आहे. खालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे उडत येणाऱ्या फुलकिड्याला आणि पांढऱ्या माशीला उतरायची जागा नीट ओळखता येत नाही. झाडं लहान असेतोवर हे चांगलं चालतं, पानांनी पेपर झाकला की परिणाम संपतो. निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी लावतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ते कीड आली हे सांगतात, कीड संपवत नाहीत. पाच टक्के निंबोळी अर्क सुरुवातीला उपयोगी पडतो. पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून एकूण पाणी शंभर लिटर करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं. उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

इथे एका नव्या पाहुण्याची नोंद करायला हवी. २०१५ साली बंगळुरूला पपईवर एक परदेशी फुलकिडा भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, थ्रिप्स पार्विस्पायनस. २०२१ च्या हंगामात त्याने आंध्र आणि तेलंगणातल्या मिरचीचं मोठं नुकसान केलं. याची मादी गडद रंगाची असते आणि ती फुलांत गर्दी करते. फुलं वाळून गळतात, फळं धरत नाहीत. म्हणून पानं फारशी न वळताही फुलं झडत असतील आणि पाऊस पडूनही ती थांबत नसतील, तर फूल उघडून आत पाहावं. गडद किड्यांसाठी पुठ्ठा पांढरा हवा, एवढाच फरक.

वावर आता जुलैत आलंय. दहा दिवस ढग, अधूनमधून सरी. फुलकिडे पावसाने धुऊन कमी झाले, पहिले तोडेही निघाले. आणि तेवढ्यात शेंडे पुन्हा बिघडतात. या वेळी पानाच्या कडा खाली वळल्या आहेत, होडी पालथी घातली आहे. पान अरुंद झालंय, देठ लांबलाय, पातं जाड आणि कडक लागतं, खालच्या बाजूला तेलकट तपकिरी झाक आहे. पुठ्ठ्यावर टिचक्या मारल्या तर काहीच पडत नाही. शेतकऱ्याला कीड दिसत नाही, म्हणून तो विषाणू समजतो, किंवा मागच्या महिन्यात जे लागू पडलं होतं तेच फुलकिड्यांचं औषध पुन्हा मारतो.

हा कोळी आहे. वांग्यावर किंवा भेंडीवर जाळं करणारा लाल कोळी वेगळा, हा पिवळसर कोळी त्याहूनही लहान, जवळजवळ पारदर्शक, एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि जाळंही करत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं. ते दागिने पाहणाऱ्यांकडे असतं तसं छोटं घडीचं भिंग थोडक्या पैशांत मिळतं. शेंड्यातलं सर्वांत कोवळं, अजून न उलगडलेलं पान खालून पाहायचं. थेंबासारखे चमकणारे, सावकाश हलणारे जीव दिसतील. त्याहून पक्की खूण म्हणजे अंडी. ती लंबगोल असून त्यांच्यावर पांढऱ्या टिपक्यांच्या रांगा असतात. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाहीत.

कोळी कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात, तो कुळाने कोळ्यांच्या बाजूचा. त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखी जी औषधं रस शोषणाऱ्या कीटकांवर चालतात, ती त्याला मारत नाहीत. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं तर उलटं काम करतात. पानावर कोळ्याला खाणारे परभक्षी कोळीही राहत असतात, ते या औषधांनी मरतात, आणि पिवळ्या कोळ्याला मोकळं रान मिळतं. उष्ण-दमट हवेत त्याची पिढी आठवड्याच्या आत पुरी होते. म्हणून जून महिन्यात घाबरून तीन-चार फवारे मारलेल्या वावरातच जुलैचा कोळी सर्वांत जास्त पेटतो. शेजारच्या कमी फवारलेल्या वावरात तो असतो, पण आटोक्यात असतो. "आपण तर जास्त काळजी घेतली होती," असं म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नसतो, त्या काळजीनेच घात केलेला असतो.

कोळ्यासाठी कोळीनाशकच लागतं. पाण्यात विरघळणारं ऐंशी टक्के गंधक हे जुनं आणि स्वस्त, लिटरला २ ते ३ ग्रॅम. मात्र पारा बत्तीस-तेहतीसच्या वर असताना गंधक मारलं तर पानं करपतात, आणि तेलाची, म्हणजे निंबतेलाचीसुद्धा, फवारणी झाली असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावेत. प्रादुर्भाव वाढलेला असेल तर स्पायरोमेसिफेन, फेनपायरॉक्झिमेट किंवा प्रोपरगाइट यांपैकी एखादं वापरतात. मात्रा डब्यावरच्या लेबलातून घ्यायची, शेजाऱ्याकडून नाही. लेबलवर मिरची आणि कोळी हे दोन्ही शब्द आहेत का, आणि फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे वाचायचं. आठवड्याला तोडा असलेल्या हिरव्या मिरचीत हा थांबायचा काळ सर्वांत जास्त मोडला जातो. ती मिरची आपल्याच ताटात येते.

फवारताना नोझल खालून वर धरायचं. कोळी पानाच्या खाली बसतो आणि वरून मारलेला फवारा त्याच्यावर छत्रीइतकाही भिजत नाही.

आता एक अशी गोष्ट, जी कळली की निम्मा पैसा वाचतो. वळलेलं पान परत सरळ होत नाही, कोळी मेला तरी आणि फुलकिडे मेले तरी. पान बिघडतं ते ते शेंड्यात मिटलेलं असताना. ते उलगडून आपल्या नजरेस पडतं तोवर आठवडा गेलेला असतो. म्हणजे आज दिसणारं वाकडं पान हे गेल्या आठवड्याचं नुकसान आहे. फवारणीनंतर चार दिवसांनी वावरात जाऊन "फरक नाही" म्हणणं आणि दुसरी बाटली आणणं चूक आहे, कारण फरक दिसणार तो अजून न फुटलेल्या पानांत. यावर सोपा उपाय आहे. फवारणीच्या दिवशी दहा झाडांच्या शेंड्याखाली लाल दोरा बांधायचा. दहा-बारा दिवसांनी दोऱ्याच्या वरची पानं पाहायची. ती सपाट, हिरवी, नेहमीच्या आकाराची आली असतील तर काम झालं, खालची वाकडी पानं तशीच राहू द्यायची. दोऱ्यावरची पानंही वाकडी आली, तर मात्र आपण ओळखायला चुकलो किंवा फवारा खालच्या बाजूला पोचला नाही.

दोऱ्यावरची पानं सगळं करूनही वाकडीच येतात, अशी काही झाडं निघतात. ती वावरभर नसतात, इकडे एक तिकडे एक अशी विखुरलेली असतात. पानं बारकी, खडबडीत, शिरा फुगलेल्या, कडा वर वळलेल्या. दोन पेरांतलं अंतर कमी होऊन झाड गुच्छासारखं बसकं दिसतं, फूल जवळजवळ नाही. हा विषाणू, आणि तो आणते पांढरी माशी. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. रोपवाटिकेतच लागण झाली असेल तर ते झाड कधीच फळ देत नाही. म्हणून रोपं चाळीस मेशच्या जाळीखाली वाढवलेली आहेत ना, हे रोपं घेताना विचारायचं, आणि लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात अशी झाडं उपटून वावराबाहेर पुरायची. ऑगस्टमध्ये फळांनी लगडलेल्या झाडाला शेंड्यावर लागण दिसली तर उपटायची घाई नको, ते बरेच तोडे देऊन जातं. कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी असल्या तर माशीची वाट थोडी अडते.

चौघेही एकाच वावरात असू शकतात, आणि वर वळलं म्हणजे फुलकिडे, खाली वळलं म्हणजे कोळी, हा नियम दिशा दाखवतो, निकाल देत नाही. फुलकिडे आणि कोळी एकाच शेंड्यावर असले की पान धड वर नाही, धड खाली नाही, असं पिळवटतं. धारवाड-हावेरीकडे मिरचीच्या या मिश्र दुखण्याला मुरडा म्हणतात, आणि तिथेही ते या दोघांच्या संगनमताचं मानलं जातं. अशा वेळी भिंग आणि पुठ्ठा दोन्ही वापरून ज्याची संख्या जास्त त्याच्यापासून सुरुवात करायची. शेजारी ऊस किंवा ज्वारी असेल आणि तिथे २,४-डी हे तणनाशक मारलं असेल, तर वाऱ्यावर आलेल्या थेंबांनीही मिरचीची पानं पट्टीसारखी अरुंद होऊन पिळतात. तेव्हा शेजाऱ्याला विचारल्याशिवाय निदान होत नाही.

गच्चीतल्या कुंडीतल्या मिरचीला याच गोष्टी लागू आहेत, फक्त उपाय हलके. एप्रिल-मेमध्ये काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची माती दुपारी इतकी तापते की पाणी असूनही मुळं ते ओढू शकत नाहीत. कुंडी दुपारच्या सावलीत सरकवली किंवा बाहेरून गोणपाट गुंडाळलं की आठवड्यात फरक दिसतो. पावसाळ्यात शेंडे खाली वळले तर बिघडलेल्या भागाच्या दोन पानं खालून शेंडा छाटून पिशवीत बंद करून टाकावा, कारण कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून शेजारच्या जास्वंदीवर किंवा पपईवरही जातो. मग लिटरभर पाण्यात पाच मिली सौम्य द्रव साबण घालून, ऊन कलल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावं आणि पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा करावं. छाटलेल्या जागेखालून नवे फुटवे यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.